तेलाला धूर का येतो?

शेंगदाणा तेल दोन प्रकारचं आणा. एक लाकडी घाण्यावरचं, पिवळसर, झाकण उघडताच दाण्यांचा वास देणारं. दुसरं रिफाइंड, फिकं आणि बिनवासाचं. दोन सारख्या कढल्यांत ते चमचा चमचा घालून सारख्याच आचेवर ठेवलं, तर घाण्याच्या तेलातून १६० ते १७५ अंश सेल्सिअसच्या आसपासच धुराची पहिली निळसर रेघ निघते. रिफाइंड तेल २१५-२३० अंशांपर्यंत शांत राहतं. दाणा तोच, तरी दोघांत पन्नास-साठ अंशांचा फरक पडतो.

तेलाच्या नावापुढे धुराचा एकेक आकडा लिहिलेले तक्ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. शेंगदाणा इतका, सूर्यफूल तितका, तूप अमुक. त्या तक्त्यांत बहुतेक वेळा रिफाइंड तेलाचे आकडे असतात आणि ते आपण घाण्याच्या तेलालाही लावून मोकळे होतो. धूर कधी येणार हे तेल कोणत्या बीचं आहे यापेक्षा त्या तेलावर आतापर्यंत काय काय गुजरलं आहे यावर जास्त ठरतं. ते कसं काढलं, किती स्वच्छ केलं, किती दिवस ठेवलं, आधी किती वेळा तापलं, त्यात काय तळलं, हे सगळं त्या धुरात उतरतं.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलचा एक छोटा दांडा आणि त्याला चिकटलेल्या तीन लांब शेपट्या. या शेपट्यांना मेदाम्लं म्हणतात. तिन्ही शेपट्या जागेवर असतात तोवर रेणू जड असतो आणि त्याची सहजासहजी वाफ होत नाही. म्हणून तेल पाण्यासारखं उकळत नाही. कढईत वडा सोडल्यावर जे बुडबुडे उसळतात ते तेल उकळल्याचे नसतात. पिठातलं आणि बटाट्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. प्रत्येक तेलात काही शेपट्या मात्र दांड्यापासून सुटलेल्या असतात. ही मोकळी मेदाम्लं हलकी असल्यामुळे आधी वाफ होऊन वर येतात, थंड हवा लागताच त्यांचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि आपल्याला निळसर धूर दिसतो. त्यापुढेही तापवत राहिलं तर उरलेले रेणू तुटू लागतात. ग्लिसरॉलमधून पाणी निघून गेलं की ॲक्रोलिन नावाचा वायू तयार होतो. करपल्या तेलाने डोळे चुरचुरतात आणि घशात ठसका लागतो, त्यात मोठा वाटा या ॲक्रोलिनचा.

म्हणजे धूर कधी येणार हे मुख्यतः मोकळ्या मेदाम्लांच्या प्रमाणावर ठरतं, आणि इथे फार थोड्यानं फार फरक पडतो. तळणीच्या धंद्यात वापरला जाणारा एक ढोबळ हिशेब असा आहे: मोकळी मेदाम्लं ०.०४ टक्के असतील तर धूर साधारण २१८ अंशांना येतो. ०.२ टक्के झाली की १९० अंशांना, ०.६ टक्क्यांना १७१ च्या आसपास आणि एक टक्का झाली की १६० अंशांनाच. शंभर ग्रॅम तेलात एक ग्रॅम मोकळं आम्ल, एवढ्यावर जवळजवळ साठ अंशांची घसरण. घाण्याच्या तेलात ही आम्लं अर्धा टक्का, एक टक्का, कधी त्याहून जास्तही असतात. दाणे जुने असतील, ओल धरलेले असतील, फुटके असतील तर आणखी. शिवाय घाण्याच्या तेलात दाण्याचे बारीक कण आणि थोडी ओल उरते. हा गाळ आधी करपतो आणि धूर लवकर आणतो. घाण्यावरचं तेल आणल्यावर चार-पाच दिवस तसंच ठेवून वरचं निवळलेलं वापरायची जुन्या घरांतली पद्धत त्यासाठी अगदी योग्य होती.

रिफायनरीत नेमकी हीच आम्लं काढतात. आधी तेलातला चिकट भाग वेगळा करतात. मग कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली घालून मोकळ्या आम्लांचा साबण करतात आणि तो काढून टाकतात. नंतर खास मातीतून गाळून रंग उतरवतात. शेवटी निर्वात टाकीत दोनशे तीसच्या वर तापलेल्या तेलातून वाफ सोडून वास आणि उरलीसुरली आम्लं उडवतात. तेलाचा स्वाद जातो, धुराची मर्यादा वर जाते. हा सौदा आहे, आणि तो चांगला की वाईट हे तुम्ही त्या तेलाचं काय करणार यावर ठरतं. घाण्याचं ते सगळं शुद्ध, रिफाइंड ते सगळं विष, असं बोलणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बुरशी धरलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं. त्यातलं थोडं घाण्याच्या तेलात उतरू शकतं, रिफायनिंगमध्ये मात्र ते बहुतांशी निघून जातं. घाणेवाला दाणे निवडून घेतो की पोत्यासकट ओततो, हे बघूनच तेल घ्यावं.

आता तळणीकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. तळायला किती तापमान लागतं? पुरी फुगायला १८० ते १९० अंश लागतात. बटाटेवडा १७५ च्या आसपास छान होतो. चकली १६० ते १७०, करंजी आणि अनारसे त्याहूनही मंद. म्हणजे घरातलं जवळजवळ कुठलंच तळण १९० च्या वर जात नाही. २३० अंश सोसणारं तेल हवंच असं काही नाही. हवी ती मोकळी जागा, म्हणजे तळणीचं तापमान आणि धुराचं तापमान यांत निदान वीस-पंचवीस अंशांचं अंतर. घरात थर्मामीटर नसतो, गॅसची आच वरखाली होते, कढईचा तळ वरच्या तेलाहून जास्त तापलेला असतो. हे अंतर नसलं तर तळण चालू असतानाच धूर सुरू होतो. म्हणून घाण्याच्या शेंगदाणा तेलात मंद आचेवर करंज्या होतात, पण पुऱ्यांना ते बेताचंच पडतं.

एवढ्यावर निवड संपली असती तर सगळी रिफाइंड तेलं सारखीच ठरली असती. तसं नाही. धुराचा आकडा ते तेल किती तापू शकतं हे सांगतो. ते तापलेल्या अवस्थेत किती वेळ टिकेल हे सांगत नाही. त्यासाठी पुन्हा शेपट्यांकडे बघावं लागतं. काही शेपट्या सरळ असतात, काहींत एक वाक असतो, काहींत दोन किंवा तीन. प्रत्येक वाकाजवळ हवेतल्या ऑक्सिजनला शिरायला जागा मिळते. एक वाक असलेल्या ओलेइक आम्लाच्या तुलनेत दोन वाक असलेलं लिनोलेइक आम्ल सुमारे दहापट वेगानं ऑक्सिजन घेतं, आणि तीन वाकांचं लिनोलेनिक त्याहून वेगानं. ऑक्सिजन शिरला की त्यातून अल्डिहाइड नावाची उग्र संयुगं तयार होतात आणि हळूहळू शेपट्या एकमेकींत गुंतून तेल दाट होतं.

करडईचं तेल याचं उत्तम उदाहरण. महाराष्ट्र आणि कर्नाटक हे करडईचे जुने प्रदेश. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि बिनकाट्याची वाणंही काढली आहेत. रिफाइंड करडई तेल धुराच्या तक्त्यात अगदी वरच्या रांगेत असतं. पण नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर-पंचाहत्तर टक्के असतं. तेलरंगात जवसाच्या जोडीने करडई तेल वापरतात ते उगाच नाही. पातळ थरात ते हवेने वाळून कडक पापुद्रा होतं. कढईच्या काठावर, जाळीच्या झाऱ्यावर बसणारं तपकिरी, नखाने खरवडूनही न निघणारं ते चिकट पुट म्हणजे हीच क्रिया. नेहमीच्या सूर्यफुलाचंही तसंच, त्यात लिनोलेइक साठ टक्क्यांच्या आसपास असतं. सोयाबीनमध्ये ते थोडं कमी, पण तीन वाकांचं आम्लही थोडं असतं. शेंगदाणा तेलात मात्र ओलेइक जवळजवळ निम्मं आणि लिनोलेइक सुमारे तीस टक्के असतं. पामोलिनमध्ये लिनोलेइक आणखी कमी, दहा-बारा टक्के. खोबरेल तर नव्वद टक्क्यांच्या वर सरळ शेपट्यांचं असतं.

म्हणून दिवाळीच्या फराळासारखं तास-दोन तास चालणारं तळण असेल तर माझा कौल रिफाइंड शेंगदाणा तेलाला. राइस ब्रान तेलही चालतं. पामोलिन तापायला खंबीर असतं आणि फरसाणवाले ते घेतात त्यामागे स्वस्ताईबरोबर हेही कारण आहे. मात्र त्यातली आणि खोबरेलातली सरळ शेपट्यांची मेदाम्लं रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतात, तेव्हा रोजच्या स्वयंपाकाला ते लावू नये. करडई आणि सूर्यफूल चार पुऱ्यांना ठीक. तेच तेल दोन तास तापत ठेवून मग गाळून पुन्हा वापरायचं, हे मात्र त्यांच्या बाबतीत टाळलेलं बरं.

तळणाचं उरलेलं तेल ही प्रत्येक घरातली अडचण. ते टाकवत नाही, ओतायलाही जागा नसते, म्हणून ते बरणीत जातं आणि पुढच्या वेळी नव्या तेलात मिसळलं जातं. या मिसळण्याचा हिशेब करून पाहू. समजा, गणपतीत तळणीचे मोदक आणि वडे झाले आणि अर्धा लिटर तेल उरलं. त्यात मोकळी मेदाम्लं ०.६ टक्के झाली आहेत, म्हणजे एकटं तापवलं तर ते १७१ अंशांच्या आसपास धूर सोडेल. दिवाळीला एक लिटर नवं रिफाइंड आणलं. त्यात ०.०५ टक्के, म्हणजे धूर सुमारे २१४ अंशांना. दोन्ही कढईत ओतली. नव्या लिटरमधून आलेली आम्लं ०.०५, जुन्या अर्ध्या लिटरमधून आलेली ०.६ च्या निम्मी म्हणजे ०.३. बेरीज ०.३५, आणि ती दीड लिटरवर वाटली तर साधारण ०.२३ टक्के. या प्रमाणाला धूर येतो तो १८८ अंशांच्या आसपास.

दोन भाग नवं आणि एक भाग जुनं, म्हणून धूरही त्याच प्रमाणात, दोनशेच्या आसपास येईल असं वाटतं. तसं होत नाही. जुनं तेल आपल्या वाट्याहून जास्त खाली खेचतं. १८८ म्हणजे नेमकं पुरीचं तापमान. नव्या तेलाचे पैसे दिले आणि हाती आलं ते पुऱ्या तळतानाच धुरणारं तेल. जुनं अर्धा लिटर वेगळं ठेवून त्यात भाज्या केल्या असत्या, तर नव्या तेलातला फराळ निवांत झाला असता. भाजीत एकदाच, थोडा वेळ, पाण्याच्या सोबतीने तापणाऱ्या तेलाला १७१ पुष्कळ झाले.

जुन्या तेलात ही आम्लं येतात कुठून, तर पाण्यातून. चकलीच्या पिठातली वाफ तेलातून वर जाताना काही रेणूंच्या शेपट्या तोडून जाते. म्हणून तळणात पाणी जितकं जास्त तितकं तेल लवकर थकतं. भिजवलेली डाळ वाटून केलेले वडे, न निथळलेला बटाटा, ओल्या झाऱ्यावरून पडलेले थेंब, सगळं त्यात जमा होतं. दुसरं कारण कढईत राहिलेले कण. अनारशाची खसखस आणि गुळाचे थेंब, करंजीतून फुटलेलं सारण, करंजीवरचं सुकं पीठ तळाशी बसतं आणि करपतं. तेव्हा फराळ तळायचा क्रम ठरवताना आधी चकली, मग शेव, मग करंजी आणि सगळ्यात शेवटी अनारसे असा लावावा, म्हणजे स्वच्छ तळण आधी आणि सांडणारं नंतर. मधूनमधून बारीक जाळीने कण काढत राहावं.

कढई कशाची, हेही महत्त्वाचं. तांबं तेलातली ऑक्सिजनची क्रिया झपाट्यानं वाढवतं, आणि पितळेत तांबं असतंच. पितळी कढईला कल्हई लावायची ती पदार्थ कळकू नये म्हणून, पण तिचा दुसरा फायदा तेलाला मिळतो. कल्हई उडालेल्या पितळी कढईत तळू नये. लोखंडही काहीसं तसंच, पण वापरून वापरून काळी तुळतुळीत झालेल्या लोखंडी कढईला आतून तेलाचाच थर धरलेला असतो, त्यामुळे ती कोऱ्या लोखंडासारखा त्रास देत नाही.

तेल संपलं आहे हे कसं ओळखायचं? रंगावरून नव्हे. मिरची, हळद, गूळ पडला की तेल काळवंडतं, पण ते वाईट झालं असेलच असं नाही. उलट फिकं तेलही थकलेलं असू शकतं. पदार्थ सोडल्यावर बुडबुडे मोठे आणि मोकळे येण्याऐवजी बारीक, पांढरट फेस येऊन तो कढईच्या काठापर्यंत चढला आणि पदार्थ काढल्यावरही विरला नाही, तर ते तेल गेलं. झाऱ्यावरून तेल पाण्यासारखं न गळता तार धरू लागलं, थंड तेलाला जुन्या रंगासारखा वास आला, किंवा पूर्वीच्याच आचेवर धूर दिसू लागला, तर तेही तेच सांगतं. व्यावसायिक तळणीसाठी भारतात मोजमापाचा नियम आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तेलातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, आणि ती मोजणारं हातात धरायचं यंत्र मिळतं. घरी ते कोणी घेणार नाही. घरी फेस बघावा.

यावरून वडापावच्या गाडीबद्दलही थोडं बोलता येतं. ज्या गाडीवर दिवसभर रांग असते तिथलं तेल प्रत्येक वड्याबरोबर थोडं थोडं निघून जातं आणि त्याच्या जागी नवं येत राहतं. त्यामुळे ते फार म्हातारं होत नाही. ज्या गाडीवर दुपारी गिऱ्हाईक नाही आणि कढई मात्र मोठ्या आचेवर तशीच आहे, तिथलं तेल न तळताच थकतं. मी खायला उभा राहिलो की आधी वड्याकडे नाही, रांगेकडे बघतो.

तेल जास्त तापलं की पदार्थ करपतो हे कळतं. कमी तापलेलंही तितकंच वाईट. चकली थंड तेलात सोडली तर वरचं कवच लवकर घट्ट होत नाही, ती कढईत जास्त वेळ राहते आणि मोहन जरा जास्त असेल तर विरघळतेच. शिवाय पदार्थ तेल पितो तो बराचसा तळताना नाही, काढल्यानंतर. कढईत असताना आतली वाफ बाहेर जोर करत असते, तेल आत शिरू शकत नाही. बाहेर काढला की वाफ थंड होते, आत पोकळी निर्माण होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यात धरून कढईवरच दोन झटके द्यावेत आणि गरम असतानाच जाळीवर काढावं. ताटात एकावर एक रचलेल्या पुऱ्या तेलकट लागतात, त्याचं कारण हेच.

आणखी एक गोष्ट तळणीचा विषय सोडण्याआधी सांगायलाच हवी. धूर येऊनही आच तशीच राहिली तर तीनशे अंशांच्या पुढे कुठेतरी तेलाच्या वाफा पेट घेतात. अशा कढईवर पाणी कधीही टाकू नये. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जातं, तिथे क्षणात त्याची सुमारे सतराशेपट फुगलेली वाफ होते आणि जळतं तेल घरभर उडतं. गॅस बंद करून सपाट झाकण किंवा ताट बाजूने सरकवत कढईवर ठेवायचं आणि ती थंड होईपर्यंत ते उचलायचं नाही.

फोडणीचं गणित तळणीच्या अगदी उलट आहे. तळणीत तेल भरपूर आणि वेळ मोठा. फोडणीत तेल चमचाभर आणि वेळ मिनिटभर. एवढ्या वेळात ऑक्सिजनची फारशी क्रिया होत नाही, त्यामुळे लिनोलेइक किती याची चिंता इथे नको. करडई, सूर्यफूल, घाण्याचा शेंगदाणा, तीळ, सगळी चालतात. धोका असतो तो वेगाचा. कढल्यातलं चमचाभर तेल मोठ्या आचेवर बघता बघता दोनशेच्या पुढे जातं आणि गॅस बंद केल्यावरही तापलेलं कढलं त्याला वर ढकलत राहतं. म्हणून फोडणी मध्यम आचेवर करावी आणि तेल तापलं की नाही हे धुरावर नव्हे, मोहरीवर बघावं. एक दाणा टाकायचा. तो तळाशी पडून राहिला तर तेल गार आहे. टाकताक्षणी उडून काळा झाला तर तेल फार तापलं. दोन-तीन क्षणांत तडतडला तर बरोबर. मोहरीच्या आतलं थोडं पाणी वाफ होऊन कवच फोडतं, त्याला धुराची गरज लागत नाही.

मोहरी तडतडत आली की जिरं, मग गॅस बंद, आणि उरलेल्या उष्णतेवर हिंग, हळद, तिखट. ही पावडरची वस्तू तापल्या तेलात क्षणात करपते. मिसळीच्या तर्रीचा लाल रंग तेलात विरघळणारा आहे. बेताच्या तेलात तिखट घातलं तर तो उतरतो, धुरणाऱ्या तेलात घातलं तर तर्री तपकिरी आणि कडवट होते. कढीपत्ता धुऊन लगेच टाकू नये, कोरडा करूनच टाकावा, नाहीतर तेल उडतं.

तुपाची फोडणी वेगळी. चांगलं कढवलेलं तूप २३० ते २५० अंशांपर्यंत धूर सोडत नाही, कारण लोण्यातलं पाणी आणि दुधाचा अंश दोन्ही कढवताना निघून गेलेले असतात. लोणी मात्र दीडशेच्या आसपास धुरायला लागतं, त्यातला दुधाचा भाग करपतो. तुपात बेरीचे कण राहिले असतील तर त्याचीही मर्यादा खाली येते. वरणावरच्या तूप-जिऱ्याच्या फोडणीत काळे ठिपके दिसले तर ते जिऱ्याचे नसून बहुधा बेरीचे असतात. तूप गाळून घेतलं की काम झालं.

धूर मुद्दाम काढायचं उदाहरणही आहे. बंगाल आणि बिहारमध्ये मोहरीचं तेल आधी धूर येईपर्यंत तापवतात, मग जरा निवू देतात आणि नंतर त्यात मासा किंवा भाजी घालतात. या तेलातला नाकात जाणारा तिखट अंश उडून जाणारा असतो. धुराबरोबर तो निघून जातो आणि तेल सौम्य होतं. तेच बंगाली घर मुरमुऱ्यांच्या झालमुरीवर मात्र मोहरीचं तेल कच्चंच घालतं, कारण तिथे तो झणका हवा असतो. आपल्याकडच्या शेंगदाणा तेलाला असा काही दोष नाही, त्यामुळे ते धुरवायचं काही कारण नाही.

कच्च्या तेलाची गोष्ट आली की सगळे जण ऑलिव्ह तेलाकडे वळतात. सॅलडवर ते चांगलंच आहे, पण कच्चं तेल खायला आपल्याला कोणी शिकवायला नको. भाकरीवर शेंगदाण्याच्या चटणीत खळगा करून घातलेलं तेल, पिठल्यावरचं तेल, ठेच्यावरचं तेल, कांदा-टोमॅटो हाताने चुरून वर घातलेलं तेल, ही सगळी कच्चीच. इथे धुराचा प्रश्नच नसतो. प्रश्न फक्त वासाचा आणि चवीचा. त्यामुळे निवड सरळ उलटी होते: रिफायनरीने काढून टाकलेली प्रत्येक गोष्ट इथे हवी असते. रिफाइंड तेल सॅलडवर घातलं तर तोंडात नुसता ओशटपणा येतो. घाण्याचा शेंगदाणा, तीळ, करडई, किंवा पहिल्या दाबाचं ऑलिव्ह घ्यावं. भाज्यांना मीठ आणि लिंबू वाढण्याच्या ऐन वेळी लावावं, कारण मिठाने पाणी सुटतं आणि तेल पानांवरून घसरून तळाशी जातं. मीठ लावण्याआधी तेल लावलं तर पाणी जरा उशिरा सुटतं, हेही करून बघण्यासारखं आहे.

खोबरेल इथे थोडं फसवतं. ते २४ अंशांच्या खाली गोठतं. पुण्यात थंडीत डोक्याच्या तेलाची बाटली गोठते तीच ही क्रिया. गार काकडीवर कच्चं खोबरेल घातलं तर त्याचे मेणासारखे कण होतात. कोमट भाजीवर, वाफाळत्या भातावर मात्र ते अप्रतिम.

जवसाचं तेल फक्त कच्चंच खावं. न रिफाइन केलेलं जवस तेल ११० अंशांच्या आतच धूर सोडू शकतं, आणि त्यातली निम्म्याहून अधिक मेदाम्लं तीन वाकांची असल्यामुळे ते नुसतं उघडं राहिलं तरी हवेने बिघडतं. म्हणून त्याची लहानात लहान, गडद काचेची बाटली घ्यावी, ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि चटणीवर घालण्याआधी दर वेळी हुंगून बघावी. दाण्यासारखा वास आला तर ठीक. तेलरंगाचा किंवा माशाचा वास आला, तर ती बाटली दाराच्या बिजागऱ्यांना लावायलाही घेऊ नका, ते तेल तिथे वाळून बिजागरीच धरून बसेल.